काटा सहा टक्के पुढे, म्हणून किलोमीटरही सहा टक्के जास्त?

पार्श्वभूमी

एका संस्थेच्या गाड्यांची देखभाल आणि फिरतीच्या नोंदी माझ्याकडे होत्या, तेव्हाचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून माणसांची आणि संस्थेची नावं गाळली आहेत. बाकी घटनाक्रम झाला तसाच आहे.

संस्थेत फिरतीवर असणारे काही सहकारी स्वतःची गाडी वापरत. महिन्याच्या सुरुवातीचं आणि शेवटचं ओडोमीटरचं रीडिंग नोंदवायचं, वजाबाकी करायची आणि तेवढ्या किलोमीटरचा भत्ता घ्यायचा, अशी साधी पद्धत होती. त्यातल्या एका सहकाऱ्याचं रनिंग सर्वांत जास्त होतं, महिन्याला सरासरी २,४०० किलोमीटर. रस्ते ठरलेले, आठवड्याचा फेराही ठरलेला. त्याच्या बिलावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

एकदा लेखाविभागातले साहेब त्याच गाडीतून कामासाठी गेले. त्यांच्या फोनवर नकाशा चालू होता आणि कोपऱ्यात वेग दिसत होता. डॅशबोर्डवरचा काटा १०० वर होता आणि फोन ९४ दाखवत होता. साहेबांनी हे परतेपर्यंत चार-पाच वेळा पाहिलं. दरवेळी फरक तेवढाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंद लिहिली: "सदर वाहनाचे मीटर सुमारे ६ टक्के जास्त दाखवते, सबब देयकातून ६ टक्के किलोमीटर वजा करावेत." नोंद मागच्या सहा महिन्यांना लागू झाली. एकूण १४,४०० किलोमीटरमधून ८६४ किलोमीटर कापले गेले.

सहकारी माझ्याकडे आला तो रागावून नव्हे, तर खजील होऊन. "अहो, मी मीटरला हातसुद्धा लावलेला नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

तक्रारीत नेमकं काय अडलं होतं

साहेबांचं निरीक्षण खोटं नव्हतं. मी स्वतः गाडी घेऊन बाहेर पडलो. सपाट, सरळ रस्त्यावर काटा एका जागी धरून फोनवरचा वेग पाहिला. काटा ५० वर असताना खरा वेग ४७ होता, ८० वर असताना ७५-७६ आणि १०० वर असताना ९४ ते ९५. अशा स्थिर वेगाला फोनचा आकडा भरवशाचा असतो. जीपीएस वेग काढतं ते मुख्यतः उपग्रहांच्या संदेशांच्या वारंवारितेतल्या बदलावरून, नुसती दोन ठिकाणं जोडून नव्हे. वेग वाढवताना किंवा ब्रेक लावताना मात्र तो आकडा क्षणभर मागे रेंगाळतो. म्हणून काटा निदान दहा सेकंद हलू न देता वाचायचा.

तेव्हा काटा जास्त दाखवतो, हे मान्य. पण साहेबांनी त्यावरून एक पाऊल पुढची उडी मारली होती. वेग आणि अंतर एकाच मीटरमध्ये दिसतात, म्हणून एकातली चूक दुसऱ्यातही तेवढीच असणार, असं त्यांनी धरलं. ही समजूत इतकी सहज आहे की मीसुद्धा पहिल्या दिवशी अर्धा तास तिच्यावर विश्वास ठेवला होता.

शंका यायला जागा मात्र त्यांच्याच कागदात होती. त्यांनी एका दिवसाचा प्रवास फोनच्या ॲपवरही मोजला होता. ओडोमीटरने ६२.९ किलोमीटर दाखवले आणि ॲपने ६०.९. म्हणजे फरक तीन टक्क्यांच्या आसपास. काटा सहा टक्के जास्त, अंतर तीन टक्के जास्त. दोन्ही चुका एकच असत्या, तर हे आकडे जुळायला हवे होते. कागदावर दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेले होते आणि कापायला मोठा आकडा घेतला गेला.

आत काय चालतं

जुन्या गाड्यांत काटा आणि आकडे खरोखर एकाच तारेवर चालत. गिअरबॉक्सपासून एक फिरती केबल डॅशबोर्डपर्यंत येई. तिच्या टोकाला एक लोहचुंबक फिरायचा आणि त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची वाटी असायची. दोघं एकमेकांना चिकटलेले नसत. चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे उठत आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाई. पण वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग बांधलेली असे, त्यामुळे ती पूर्ण न फिरता थोडी वळून थांबे. जितका वेग जास्त, तितकी ती जास्त वळणार, आणि काटा त्या वाटीवरच बसवलेला. जर्मनीत ओट्टो शुल्झे यांनी १९०२ साली या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या.

त्याच केबलवरून दातेरी चाकांची एक साखळी ओडोमीटरच्या आकड्यांकडे जाई. इथे स्प्रिंग नाही, चुंबक नाही. केबलच्या ठरावीक फेऱ्या झाल्या की शेवटचा आकडा एक घर सरकणार, तो दहा घरं सरकला की शेजारचा एक घर. दाते घसरत नाहीत. चुंबक जुना होऊन कमजोर झाला, थंडीने वाटीचा गुणधर्म बदलला, स्प्रिंग थकली, तर काटा चुकेल. आकड्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. काटा दोन जोरांचा तोल साधतो, ओडोमीटर फक्त मोजतो.

मोजण्याची ही कल्पना फार जुनी आहे. रोमन अभियंता व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी अशा गाड्याचं वर्णन केलं होतं. चाकाच्या एका फेरीत साडेबारा फूट, अशा ४०० फेऱ्या म्हणजे ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल. मैल झाला की एक गोटी भांड्यात टपकन पडायची. त्या यंत्रात चूक शिरायला मोठी वाट एकच होती, ती म्हणजे चाकाचा घेर. आजही तीच आहे.

आताच्या गाडीत केबल नाही. एबीएसच्या ब्रेकसाठी प्रत्येक चाकाजवळ सेन्सर असतो आणि चाकासोबत फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय चकती असते. समजा चकतीला ४८ दाते आहेत, तर चाकाच्या एका फेरीत ४८ ठोके मिळतात. गाडीच्या संगणकात चाकाच्या एका फेरीचं अंतर आधीच लिहून ठेवलेलं असतं. ते १.९३५ मीटर असेल, तर एक ठोका म्हणजे साधारण चार सेंटीमीटर, आणि सुमारे २४,८०० ठोके झाले की एक किलोमीटर. ओडोमीटर हेच करतो: ठोके मोजतो आणि चार-चार सेंटीमीटर जमा करत जातो.

वेगासाठीही तेच ठोके वापरले जातात, पण निघालेला वेग जसाच्या तसा काट्याला दिला जात नाही. त्यात थोडी भर घातली जाते. काही टक्के वाढवायचे आणि वर एखादा किलोमीटर, अशी ती भर असते. ठोके एकच, हिशोब दोन.

ही भर मुद्दाम घातलेली असते आणि तिचं कारण नियमात आहे. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ अनेक देश पाळतात. त्यानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालेल, पण प्रवासी गाडीत खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ताशी ४ किलोमीटर इतकंच. खरा वेग १०० असेल तर काटा १०० ते ११४ मध्ये कुठेही असला तरी नियमात बसतो. ९९ दाखवला तर मात्र गाडी नापास.

आता बनवणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. टायर नवा असेल की झिजलेला, हवा कमी असेल की जास्त, मालक परवानगीतला सर्वांत मोठा टायर बसवेल की छोटा, हे त्याला माहीत नसतं. एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला मोकळं मैदान. शहाणा माणूस भिंतीपासून दोन पावलं लांबच उभा राहतो. घेर सर्वांत मोठा असतानाही काटा खऱ्या वेगाच्या खाली जाऊ नये, एवढी भर तो आधीच घालून ठेवतो. ओडोमीटरला अशी एकतर्फी भीती नाही. तिथे थोडं कमी आणि थोडं जास्त दोन्ही सारखंच, म्हणून त्यात भर घालायचं कारण उरत नाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगून साहेबांना पटणार नव्हतं. पण गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटला वाचनयंत्र लावलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. काटा १०० वर, फोन ९४-९५ वर, आणि गाडीचा संगणक स्वतःचा वेग सांगत होता ९६. म्हणजे १०० आणि ९६ मधलं अंतर काट्यासाठी घातलेली भर होती. ९६ आणि ९४-९५ मधली किरकोळ फट मात्र खरी मोजणीतली चूक होती, आणि ओडोमीटरला लागू होणारी चूक तेवढीच. (प्रत्येक गाडीत ओबीडीवर भर काढलेला वेग मिळतोच असं नाही. काही गाड्यांत तिथेही फुगवलेलाच आकडा येतो. इथे मिळाला, हे आमचं नशीब.)

तपासायचे पर्याय

आता प्रश्न उरला तो अंतराचा: ओडोमीटर खरोखर किती चुकतो? माझ्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, गाडी तपासणीच्या रोलरवर चढवायची. ती मी सोडली. रोलरचा गोलावा टायरमध्ये रुततो, सपाट रस्त्यावर टायर जसा बसतो तसा तिथे बसत नाही, त्यामुळे चाकाचा फिरता घेर थोडा बदलतो. शिवाय एक-दोन टक्क्यांचा फरक शोधायला ते साधन नव्हतंच.

दुसरी वाट म्हणजे फोनचं अंतर प्रमाण मानायचं. साहेबांचा कल तिकडे होता. इथे एक बारकावा आहे. फोनचा वेग भरवशाचा, म्हणून फोनचं अंतरही भरवशाचं, असं होत नाही. ॲप दर काही सेकंदांनी एक ठिपका टिपतं आणि ठिपके सरळ रेषेने जोडतं. वळणाच्या रस्त्यावर प्रत्येक वळणाची कमान कापली जाते आणि अंतर कमी भरतं. उलट गाडी उभी असताना ठिपका इकडेतिकडे थरथरतो आणि काही ॲप्स तो थरकापही प्रवासात धरतात. साहेबांच्या ६०.९ किलोमीटरचा रस्ता चांगलाच वळणावळणाचा होता.

तिसरी वाट होती महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांची. एखादा दगड पाच-पंचवीस मीटर इकडेतिकडे असू शकतो, हे खरं. पण तो दोष दर किलोमीटरला वाढत जात नाही. चाळीस किलोमीटरच्या दोन टोकांच्या दगडांत मिळून पन्नास मीटर चूक धरली, तरी ती पाव टक्क्याच्याही आत राहते. मी हीच वाट धरली.

प्रत्यक्ष मोजणी

सकाळी टायर थंड असताना हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे भरून घेतली. पहिल्या दगडापाशी, रस्त्याच्या कडेला पुढचं चाक दगडाच्या रेषेत आणून गाडी उभी केली आणि ट्रिप मीटर शून्यावर आणला. सहकारी गाडी चालवत होता, साहेब मागे बसले होते. त्यांनी यावं असा माझाच आग्रह होता, नाहीतर निकाल कोणी मानला नसता.

तिथून चाळीस किलोमीटर पुढच्या दगडापाशी थांबलो तेव्हा ट्रिप मीटरवर ४०.६ होतं. हा आकडा असा उचलायचा नसतो. मीटर शंभर मीटरच्या टप्प्यात बदलतो, म्हणजे ४०.६ दिसत असताना आत ४०.६० असेल किंवा ४०.६९ही असेल. म्हणून गाडी रांगत पुढे घेतली आणि आकडा ४०.७ होताच थांबवली. दगडापासून तिथवरचं अंतर टेपने मोजलं तर सुमारे साठ मीटर भरलं. म्हणजे दगडापाशी आतला आकडा ४०.६४ होता. परत येताना उलट दिशेने पुन्हा तेच केलं आणि निकाल तोच आला. चाळीस किलोमीटरला ६४० मीटर जास्त, म्हणजे १.६ टक्के. साहेबांच्या ॲपने त्या सरळ रस्त्यावर ३९.९ दाखवले. वळणं नसली की तेही वळणावर येतं!

आता हे १.६ टक्के तरी कुठून आले? मला संशय टायरचा होता. चारही टायर बरेच घासलेले होते, स्टेपनी मात्र त्याच मापाची आणि न वापरलेली होती. सपाट फरशीवर टायरच्या बाजूला आणि खाली जमिनीवर खडूने खूण केली, माणूस आत बसवून गाडी ढकलत चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या होऊ दिल्या, आणि पोलादी टेपने अंतर मोजलं. घासलेल्या टायरला १९.०५ मीटर लागले. मग तिथेच स्टेपनी चढवली. तिला १९.३२ मीटर लागले. फरक १.४ टक्के. म्हणजे ओडोमीटरची जवळजवळ सगळी चूक झिजलेल्या रबरात होती. घेर लहान झाला की तेवढ्याच अंतराला चाक जास्त फेऱ्या मारतं आणि संगणक आपला प्रत्येक फेरीला १.९३५ मीटर धरून बसलेला असतो.

फेऱ्या चाकावर वजन असतानाच मोजायला हव्यात. टायरच्या अंगावरच्या आकड्यांवरून घेर काढला तर या मापाला, म्हणजे १९५/६५ आर १५ ला, जवळपास दोन मीटर येतो. पण वजनाखाली टायर तळाशी दबतो आणि प्रत्यक्षात फेरीमागे पाच-सहा सेंटीमीटर कमीच चालतो. कागदावरचं माप धरून हिशोब केला असता, तर नव्याच घोळात पडलो असतो.

पहिला निर्णय, आणि त्यातली माझी चूक

मी टिपण दिलं: सहा टक्के कपात रद्द करावी आणि १.६ टक्के लावावी. गणित सरळ वाटत होतं. १४,४०० ला १.०१६ ने भागलं की १४,१७३ किलोमीटर येतात. मंजूर झाले होते १३,५३६. तेव्हा ६३७ किलोमीटर परत द्यायचे.

सहकाऱ्याने टिपण वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "सहा महिन्यांपूर्वी माझे टायर इतके घासलेले होते का?"

त्याचं बरोबर होतं. मी आजची चूक मागच्या सहा महिन्यांवर पसरवली होती. स्टेपनीच्या मापाप्रमाणे नव्या टायरवर हाच ओडोमीटर फक्त ०.२ टक्के जास्त दाखवतो. टायर झिजत जातो तशी चूक हळूहळू वर चढते. खरा सरासरी आकडा मधे कुठेतरी असणार आणि तो आता कोणालाच काढता येणार नव्हता. शिवाय इतर सगळ्यांचे टायरही झिजतातच, त्यांच्याकडून आपण काही कापत नाही. शेवटी ठरलं ते असं: दोन टक्क्यांपर्यंतचा फरक टायरच्या आयुष्याचा भाग मानायचा आणि तेवढ्यावर कपात करायची नाही. पूर्ण ८६४ किलोमीटर परत दिले. साहेबांनी सही केली, पण "काटा तर खोटाच आहे ना" हे वाक्य त्यांनी सोडलं नाही.

मग टायर बदलले

दोन महिन्यांनी सहकारी दुसऱ्याच कामासाठी आला. "नवे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलंय. साडेसोळा मिळायचं, आता सोळाच्याही खाली येतंय. इंजिन दाखवू का?"

मी नोंदवही उघडली. त्याचा आठवड्याचा ठरलेला फेरा आधी ४१२ किलोमीटर भरायचा. गेले तीन आठवडे तो ३९८ भरत होता. रस्ता तोच, थांबे तेच. टायर पाहिले तर अंगावर २०५/६५ आर १५ लिहिलेलं. जुनं माप दुकानात नव्हतं आणि "दहाचाच फरक आहे, काही होत नाही" असं सांगून मोठे बसवले होते. त्या दहाचा अर्थ टायर नुसता दहा मिलिमीटर रुंद असा नसतो. ६५ हा आकडा उंचीचं रुंदीशी असलेलं शेकडा प्रमाण सांगतो. रुंदी वाढली की उंचीही वाढते, खाली साडेसहा आणि वर साडेसहा मिळून व्यास १३ मिलिमीटरने.

खडूची परीक्षा पुन्हा केली: दहा फेऱ्यांना १९.७२ मीटर. दगडांची फेरीही पुन्हा केली: ४० किलोमीटरला मीटर ३९.२६. म्हणजे आता ओडोमीटर जवळजवळ १.९ टक्के कमी मोजत होता. ॲव्हरेज पडलंच नव्हतं. पेट्रोल तितकंच जळत होतं, किलोमीटर कमी मोजले जात होते.

गंमत पुढेच आहे. याच दिवसांत साहेब पुन्हा त्या गाडीतून गेले होते आणि फोन घेऊन बसले होते. काटा १०० वर, फोन ९८ वर. त्यांनी समाधानाने मला सांगितलं, "आता मीटर सुधारलंय." शिवाय फेरा ४१२ वरून ३९८ वर आलेला त्यांच्याही नजरेत आला होता, आणि त्याचा अर्थ त्यांनी लावला होता: चौकशी झाल्यावर माणूस सरळ झाला.

मोठ्या टायरने खरा वेग वाढवला, तेवढाच काट्यातल्या मुद्दाम घातलेल्या भरीचा बराचसा भाग खाऊन टाकला. म्हणून काटा खऱ्याच्या जवळ गेला. त्याच मोठ्या टायरने ओडोमीटरला मात्र खऱ्यापासून आधीपेक्षा लांब नेलं, आणि तेही मालकाच्या तोट्याच्या दिशेने. काटा जास्त खरा दिसू लागला तेव्हा किलोमीटर जास्त खोटे झाले होते. हे मी साहेबांना तोंडी नीट सांगू शकलो नाही. दोन्ही मोजण्यांचे आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहून दिले, तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे आधी मी याचे कापले, आणि आता हा स्वतःचे कापून घेतोय."

काय केलं

वर्कशॉपमधून संगणकातला घेर बदलून मिळतो का, ते विचारलं. त्या गाडीत बनवणाऱ्याने मान्य केलेल्या मापांची यादी होती आणि तिच्यातलंच एक निवडता येत होतं. २०५/६५ तिच्यात नव्हतं. मधे बसवायचे, ठोक्यांची संख्या बदलणारे डबे मिळतात, पण एबीएसला जाणाऱ्या ठोक्यांत हात घालायला मी नकार दिला. भत्त्याच्या हिशोबासाठी ब्रेकच्या तारेत लुडबूड नको.

म्हणून ते टायर असेपर्यंत नोंदवहीत त्या गाडीपुढे १.०१९ हा गुणक लिहिला. ३९८ ला तो लावला की ४०५-४०६ येतात. जुन्या ४१२ मधून झिजेचे १.६ टक्के काढले तरी तेच येतात. दोन वेगळ्या टायरांवरून निघालेला फेरा एकच भरला, तेव्हा मोजणीबद्दल मला स्वतःला खात्री पटली. सर्व्हिसही मीटरवरच्या दहा हजारांऐवजी ९,८०० ला करायची, असं त्याला सांगितलं.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्याच दिवशी साहेबांच्या कागदावरचे सहा आणि तीन हे दोन आकडे मी त्यांच्यासमोर ठेवायला हवे होते. मी आधी काटा तपासत बसलो. तो तपासायची गरजच नव्हती, कारण भत्ता वेगावर मिळत नाही.

दुसरं, पहिल्या मोजणीनंतर टायरचं माप नोंदवहीत लिहून घ्यायचं मला सुचलं नाही. घेरावर सगळं अवलंबून आहे हे खडूने सिद्ध करूनही मी फक्त टक्केवारी लिहिली. माप लिहिलं असतं, तर टायर बदलल्याचं त्याच महिन्यात कळलं असतं. आता त्या वहीत रीडिंगच्या शेजारी एक नवा रकाना आहे: टायरचं माप आणि बसवल्याची तारीख. तो रकाना साहेबांनी स्वतः आखला.